अकरा हंडे

आमच्या बाबांच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या पडल्या, त्या त्यांना कुणीतरी भर सभेत चोर म्हटल्यावर.

2007 सालचा एप्रिल महिना होता. तळा तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तेव्हा एकमेकांच्या विरोधात उभी राहिलेली माणसं आज एकमेकांच्या घरच्या लग्नात वाढपी म्हणून उभी असतात, ते तसंच राहू द्यावं. गाव छोटं, नऊशे वस्तीचं. टेकडीच्या पायथ्याला खालची आळी, तिथं एकशेवीस घरं. चढावर वरची वाडी, तिथं साठ. पलीकडं तळगडाचा डोंगर. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो नि सगळा मांदाडच्या खाडीला जाऊन मिळतो. एप्रिलमध्ये त्याच गावात बाया हंडे घेऊन वहाळातले झरे उपसत बसतात. हे तळ्याकडच्या माणसाला नवीन सांगायला नको.

बाबा ग्रामपंचायतीचे पाणीवाले. वहाळाजवळच्या विहिरीवरचा पंप चालू करायचा, टाकी चढवायची, सकाळी चावी सोडायची, एवढंच त्यांचं काम. पगार तुटपुंजा आणि तोही दोन-तीन महिन्यांनी. पण पाणी ज्याच्या हातात, त्याच्यावर गावाचा डोळा. समोरच्या पॅनेलची सभा मारुतीच्या देवळापुढं झाली आणि त्यांचा वक्ता, तोही आमच्या ओळखीचाच, तीन गोष्टी बोलला. पहिली, योजनेचे पैसे खाल्ले. दुसरी, माणशी चाळीस लिटर देऊ म्हणाले आणि वरच्या वाडीला चाळीस थेंबही नाहीत. तिसरी, पाणीवाला रात्रभर पंप चालवतो आणि निम्मं पाणी सरपंचाच्या कलमांना सोडतो. तिसऱ्या वाक्याला टाळ्या पडल्या. बाबा घरात पडवीत बसून विडी ओढत होते. भोंग्याचा आवाज तिथपर्यंत स्वच्छ येत होता. आईनं दिवा मालवला, जसं काही अंधार केल्यावर ऐकू येणं बंद होणार होतं.

बाबा पंचायतीचे नोकर, त्यामुळं त्यांना कुठल्याच सभेत तोंड उघडता येत नव्हतं. आमच्या आळीतली पोरं भडकली. दुसऱ्या दिवशी आपल्या पॅनेलच्या सभेत त्या वक्त्याच्या घरादाराचं सगळं काढायचं असा बेत ठरला. त्याच्या भावकीतला जमिनीचा वाद, त्याच्या मुलाची मुंबईतली भानगड, सगळं. तेव्हा गुरुजी म्हणाले, "मग मी बोलत नाही. तुम्हीच बोला."

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतनं निवृत्त झालेले. निम्म्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली होती, समोरच्या वक्त्यालासुद्धा. उमेदवार नव्हते, पण पॅनेलला बोलणारा माणूस दुसरा नव्हता. त्यांना गमावणं परवडणार नव्हतं, म्हणून पोरं गप्प बसली.

मी त्या वर्षी बारावीची परीक्षा देऊन मोकळा होतो. त्या सभेला गुरुजींनीच मला शंभर पानी वही देऊन पाठवलं होतं. सांगितलं होतं, "तो काय बोलला ते लिही. तुला काय वाटलं ते लिहू नकोस." मी शब्द न शब्द उतरवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या खळ्यात बसलो. त्यांनी एकेक वाक्य वाचलं आणि पुढं एक खूण केली. खरं, खोटं आणि "कागद नाही". अशा तीन खुणा.

मला वाटलं होतं, तिन्ही वाक्यांपुढं "खोटं" येणार. तसं झालं नाही. वरच्या वाडीला पाणी येत नाही, यापुढं त्यांनी "खरं" लिहिलं. पैसे खाल्ले, यापुढं "कागद नाही". आणि फक्त तिसऱ्यापुढं "खोटं, पण दाखवावं लागेल".

मी म्हटलं, "गुरुजी, पैशांचंपण खोटंच आहे ना?"

"तुला माहीत आहे, की तुला वाटतं?"

मी गप्प. ते म्हणाले, "कामाचं मोजमाप पुस्तक मी बघितलेलं नाही. न बघितलेल्या गोष्टीवर मी शपथ घेतली, तर बघितलेल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवील?"

मग बाबांना बोलावणं गेलं. बाबा पंपाची नोंदवही घेऊन आले. मेणकापडात गुंडाळलेली, कडा तेलकट झालेल्या. तारीख, पंप किती वाजता चालू, किती वाजता बंद आणि बंद का केला. तेव्हा भारनियमन जोरात होतं. दिवसा सिंगल फेज, त्यावर बल्ब लागे पण पंप फिरत नसे. थ्री फेज यायचा मध्यरात्रीनंतर. बाबा एकला उठून विहिरीवर जायचे. दोन तासांत विहिरीचं पाणी फूटव्हॉल्व्हच्या खाली जायचं आणि पंप हवा ओढू लागायचा. मग बंद. वहीत रोज तेच होतं: "पानी तुटलं." कधी मध्येच "लाईट गेली." महिनाभर वाचत गेलं तर पोटात कालवायचं. त्या चार ओळींत माझ्या बापाच्या सगळ्या रात्री होत्या.

पण गुरुजी म्हणाले, "ही वही मी सभेत दाखवणार नाही."

बाबांचा चेहरा पडला. गुरुजींनी समजावलं, "अहो, चोर म्हणतात तो माणूस आणि वही लिहिणारा माणूस एकच. लोक म्हणतील, घरात बसून लिहिलीन. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं पाहिजे. जो तुमच्या बाजूचा नाही."

तो दुसरा कोण, तर विजेचा मीटर. पंप साडेसात हॉर्सपॉवरचा. तो तासाला साधारण सहा युनिट खातो. रोज दोन तास म्हणजे महिन्याला साठ तास, म्हणजे तीनशे साठ युनिट. बिलाची झेरॉक्स पंचायतीच्या फाईलमधून मागवली. मार्च महिन्याचे युनिट होते तीनशे अडुसष्ट. रात्रभर, म्हणजे सहा तास जरी पंप चालला असता, तरी हजाराच्या वर गेले असते. मी खूश झालो. मला वाटलं, झालं काम, उद्या बिल फडकवायचं आणि जिंकायचं.

गुरुजी तरीही विचारात. "पाणी किती उपसलं ते मीटर सांगतो. कुठं गेलं ते सांगत नाही. दोन तासांत उपसलेलं पाणीसुद्धा कलमांना सोडता येतं. लोक हे विचारतील. न विचारलं तरी मनात ठेवतील." दुपारभर ते चहा पीत बसले. संध्याकाळी त्यांनी मला दुधाचं लिटरचं माप आणि शाळेचा फळा आणायला सांगितला.

सभा शाळेच्या पटांगणात होती. भोंग्याची परवानगी तळ्याच्या पोलीस ठाण्यातून काढलेली, रात्री दहाच्या आत सगळं आटपायचं. लोक आठला जमू लागले. पुरुष पुढं गोणपाटांवर, बाया बाजूच्या व्हरांड्यात, पोरं फळ्याच्या अगदी पायाशी. मुंबईहून रात्रीच्या एसटीनं आलेले चाकरमानी मागं उभे, हाताची घडी घालून. समोरच्या पॅनेलचे चारपाच जण कुंपणाशी होते. त्यांनी लपवायचा प्रयत्नही केला नव्हता. आधी दोन उमेदवार बोलले. दुसऱ्याला राहवलं नाही, त्यानं चोराला सगळे चोरच दिसतात असं काहीतरी म्हटलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुंपणाकडून "ये रं हिकडं" आलं. दोन मिनिटं सभा हातातून जाते की काय असं झालं.

गुरुजी उठले. कुणाचं नाव नाही, कालच्या सभेचा विषय नाही. त्यांनी एक पितळी हंडा टेबलावर ठेवला आणि पुढच्या एका पोरीला बोलावलं. "बाय, ह्यात दुधाच्या मापानं पाणी ओत. आणि तुम्ही सगळ्यांनी मोजा."

पोरगी ओतायला लागली. पोरं मोजायला लागली. एक, दोन, तीन. आठ-नऊपर्यंत पोरांचाच आवाज होता, मग व्हरांड्यातल्या बायापण मोजायला लागल्या. पंधराला हंडा काठोकाठ भरला. शिट्ट्या मारणारे मघाचचे तेही मान उंच करून बघत होते. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं: 1 हंडा, 15 लिटर. म्हणाले, "आता लिटर विसरा. आपण हंड्यात बोलू."

मी नंतर पुष्कळ सभा बघितल्या. समोरच्यानं आरोप केला की बोलणारा बहुतेक तो आरोपच पहिल्या वाक्यात परत म्हणतो. "मी चोर आहे असं ते म्हणाले", असं. ज्यानं आदल्या दिवशी ऐकलं नव्हतं त्यालाही तो ऐकवतो. गुरुजींनी त्या रात्री "चोर" हा शब्द एकदाही उच्चारला नाही. बाबांचं नावही घेतलं नाही. त्यांनी विषय पाण्यावर ठेवला, आणि पाणी हे प्रत्येक बाईला मोजता येत होतं.

मग म्हणाले, "परवा असं सांगितलं गेलं की वरच्या वाडीला पाणी मिळत नाही. ते खरं आहे."

पटांगण गप्प झालं. आमच्या पॅनेलचा उमेदवार खाली मान घालून बसला. कुंपणाकडचे एकमेकांकडे बघायला लागले. कारण त्यांनी घोषणा तयार ठेवली होती ती आम्ही नाकारू तेव्हा द्यायची, आणि आम्ही तर कबूल केलं होतं. वाडीतले दहाबारा पुरुष मागं उभे होते, ते दोन पावलं पुढं आले. तेव्हा कळलं की माणूस आपलं खरं मान्य झालेलं ऐकतो, तेव्हाच पुढचं ऐकायला थांबतो.

"असंही सांगितलं गेलं, की योजनेच्या पैशात गडबड आहे. माझ्याकडं त्याचा कागद नाही. म्हणून मी त्यावर आज होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. माहितीचा अधिकार 2005 साली आलाय. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. निवडणूक कुणीही जिंको, पहिल्या ग्रामसभेत मी तो अर्ज करणार. माझ्याबरोबर सही करायला त्या बाजूचा एक माणूस यावा."

कुंपणाकडून एकजण ओरडला, "आता कागद नाय म्हंजे खाल्लं म्हनाना!"

गुरुजी थांबले. त्याच्याकडं बघून म्हणाले, "बाळ, तुझ्या घरी सकाळी किती हंडे भरतात?"

तो गोंधळला. "क्काय?"

"नळाला. तुझी आई किती भरते?"

"धा-अकरा."

"ये, तूच लिही फळ्यावर." तो आला नाही, पण लोक हसले आणि ते हसणं त्याच्यावर नव्हतं, म्हणून तोही हसला. गुरुजींनी त्याचे दहा हंडे फळ्यावर लिहिले. मग खालच्या आळीतल्या आणखी नऊ घरांना विचारलं. आळीच्या या टोकाची तीन, त्या टोकाची तीन, मधली तीन. बाया व्हरांड्यातून सांगत होत्या. नऊ. बारा. अकरा. चौदा, असं म्हटल्यावर दुसरी म्हणाली, "एवढं कशाला गं लागतं तुला?" आणि पुन्हा हशा. दहा घरांची बेरीज पोरांनी केली: एकशे दहा. म्हणजे घरटी अकरा.

यानंतर गुरुजी बिलावर आले आणि इथं सभा थोडी सैल पडली. साडेसात हॉर्सपॉवर, तासाला सहा युनिट, तीनशे अडुसष्ट, असं म्हणेपर्यंत मागचे चाकरमानी आपसांत बोलू लागले. एक म्हातारा उठून तंबाखू थुंकायला गेला. व्हरांड्यात पोर रडलं. गुरुजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी बिल घडी करून खिशात ठेवलं आणि दोनच वाक्यांत आटोपलं: "पंप रोज दोन तास चालतो, असं मीटर म्हणतो. मीटर कुठल्याच पॅनेलचा नाही. बिल इथं टेबलावर आहे, सभेनंतर ज्याला वाचायचं त्यानं वाचावं." तीन संख्या एकामागून एक आल्या की ऐकणारा पहिली सोडून देतो. शाळेत त्यांना ते रोज दिसलं असणार.

तेवढ्यात नऊ वाजले आणि लाईट गेली.

भारनियमनाचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळं कुणी दचकलं नाही. भोंगा बंद पडला. उमेदवाराचा भाऊ जनरेटर आणायला निघाला, गुरुजींनी त्याला हातानं थांबवलं. कुणीतरी दोन कंदील फळ्याजवळ आणून ठेवले. गुरुजी म्हणाले, "ऐकू येत नसेल तर पुढं या." आणि लोक खरोखर पुढं सरकले. चाकरमानी गोणपाटांच्या कडेला येऊन उकिडवे बसले. बाया व्हरांड्यातून खाली उतरल्या. मघाशी भोंग्यातून चारशे लोकांना बोलणारा माणूस आता साठ-सत्तर माणसांच्या घोळक्यात बोलल्यासारखा बोलत होता, आणि बाकीचे त्या घोळक्याला चिकटून कान देत होते.

"पंप दोन तासांत टाकीचे पाच भाग केले तर दोन भाग भरतो. शिडी चढून कुणीही बघावं. टाकी पन्नास हजारांची, म्हणजे वीस हजार लिटर. त्याचे हंडे किती?"

पोरांनी भागाकार केला. एक हजार तीनशे तेहेतीस.

"आता खालच्या आळीत एकशेवीस घरं. घरटी अकरा हंडे. किती?"

एक हजार तीनशे वीस.

फळ्यावर दोन आकडे एकाखाली एक होते. 1333 आणि 1320. कंदिलाच्या उजेडात खडू पांढरा दिसत होता. गुरुजी काहीच बोलले नाहीत. आधी एका म्हातारीला कळलं. ती हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे समदं आमीच भरतो की."

"हो काकी. विहिरीतनं येतं ते सगळं आपल्याच आळीत संपतं. तेरा हंडे उरतात, ते पाईपच्या गळतीला. दहा घरांवरनं सगळ्या आळीचा हिशोब केलाय, पाचपन्नास हंडे इकडंतिकडं होतील. पण निम्मं पाणी, म्हणजे साडेसहाशे हंडे, कलमांना जायचे असते तर तुमच्या दारात अकरा आले नसते. सहासुद्धा आले नसते."

बाबांच्या बाजूनं जे बोलायचं होतं ते एवढंच. त्यांना वाईट म्हटलं गेलं होतं ते त्या दोन आकड्यांनी पुसलं, आणि पुसणाऱ्या त्या आळीतल्या बायाच होत्या, ज्यांनी स्वतःचे हंडे स्वतः सांगितले होते. मी मागं वळून बघितलं. बाबा पटांगणाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडं वडाखाली उभे होते. सभेत नव्हते, पण ऐकू येईल एवढ्या अंतरावर होते.

पण गुरुजी तिथं थांबले नाहीत. पॅनेलच्या लोकांना वाटत होतं, आता मताचं आवाहन करावं आणि बसावं. गुरुजी म्हणाले, "मग वाडीचं काय? टाकी वाडीपेक्षा फार उंच नाही. आपले खालचे नळ उघडे असताना वरच्या नळाला दाब राहत नाही, नुसती हवा येते. चावी कुणी बंद करत नाही. आपल्या नळांनीच ती बंद होते. वाडीला आधी तासभर सोडलं आणि मग आळीला, तर एकशेऐंशी घरांना मिळून तेवढंच पाणी वाटायचं. घरटी किती येतं?"

या वेळी पोरांनाही पटकन बोलवेना. एकानं हळूच सांगितलं, "सात."

"सात. एप्रिल-मे दोन महिने अकराच्या जागी सात. हे मी आज सांगतो, निवडून आल्यावर नाही."

आळीत एकशेवीस घरं, वाडीत साठ. सातातल्या पाच जागा आळीच्या. कंदिलाच्या उजेडात मी आमच्या उमेदवाराचा चेहरा बघितला. त्यानं त्याच क्षणी मनातल्या मनात मतांची वजाबाकी केली असणार. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाया आपापसांत बोलत उठल्या. वाडीतला एक माणूस जाताना गुरुजींच्या पाया पडला. दहाला वीस मिनिटं कमी होती. बिल टेबलावर होतं, ते वाचायला तिघे थांबले. त्यातला एक कुंपणाकडचा होता.

आम्ही हरलो. वाडीच्या दोन्ही जागा आमच्या आल्या, आळीतली एक, बाकी चार त्यांच्या. सरपंच त्यांचा झाला. मतमोजणीनंतर आमच्यातल्या एकानं गुरुजींना तोंडावर सांगितलं, "सात हंडे बोलला नसता तर आज गुलाल आपला होता." गुरुजी म्हणाले, "मग वाडीला काय सांगितलं असतंस?" त्यावर तो काही बोलला नाही. तो चुकीचं बोलत होता असं मला आजही म्हणवत नाही. आकड्यांनी माणसाचं नाव धुतलं जातं, जागा निवडून येतीलच असं नाही. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या रात्री एकाच फळ्यावर दोन्ही लिहिल्या गेल्या होत्या.

पुढं बारा वर्षांनी, एप्रिल 2019 मध्ये, राज ठाकरे यांची महाडची सभा मी मुंबईत मोबाईलवर बघितली. त्यांच्या पक्षाचा त्या लोकसभेत एकही उमेदवार नव्हता, तरी ते गावोगाव सभा घेत होते आणि "लाव रे तो व्हिडिओ" हे वाक्य पोराटोरांच्या तोंडी झालं होतं. सरकारचा जुना दावा पडद्यावर दाखवायचा आणि लगेच त्याच्यापुढं आजची स्थिती. लोक खुर्चीवरून हलत नसत. त्याच महिन्याच्या शेवटी मुंबईत आशिष शेलार यांनी "बघाच तो व्हिडिओ" म्हणत आपल्या बाजूचे व्हिडिओ दाखवून उत्तरं दिली. निकाल लागला तेव्हा राज्यात 48 पैकी 41 जागा भाजप-शिवसेनेच्या आल्या. आमच्या रायगडात मात्र शिवसेनेचे अनंत गीते पडले आणि राष्ट्रवादीचे सुनील तटकरे निवडून आले. त्यात व्हिडिओचा वाटा किती, हे मोजायचं माप कुणाकडं नाही.

मला ते बघताना गुरुजींचा फळा आठवत होता. तुलना करायची म्हणून नाही, कारण कुठं लाखाची सभा आणि कुठं कंदिलाची. पण एक फरक डोक्यात बसला. पडद्यावरच्या व्हिडिओला दुसरा व्हिडिओ उत्तर देऊ शकतो. बघणाऱ्याला दोन्हींपैकी एकावर विश्वास ठेवावा लागतो. फळ्यावरचे अकरा हंडे ऐकणाऱ्यांनी स्वतः सांगितले होते. ते खोटे म्हणायचे तर आपल्याच बायकोला नि सुनेला खोटं म्हणावं लागलं असतं. म्हणूनच ती सभा संपल्यावर कलमांचा विषय गावात पुन्हा निघाला नाही. निवडणूक जिंकलेल्यांनीसुद्धा काढला नाही.

गुरुजींनी शब्द दिल्याप्रमाणं पहिल्या ग्रामसभेत अर्ज केला. दुसरी सही समोरच्या वक्त्यानंच केली, त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यानं. कागद आले, त्यात एका जागी पाईपची लांबी जमिनीवरच्यापेक्षा जास्त निघाली. त्यावर पुढं पत्रव्यवहार बराच झाला आणि आमच्याकडच्या पत्रव्यवहाराचं जे होतं ते झालं. पण "पैसे खाल्ले" यापुढं "कागद नाही" लिहिणारा माणूस किती सावध होता, ते मला तेव्हा कळलं. त्या रात्री त्यानं "सगळं खोटं" म्हटलं असतं, तर सहा महिन्यांनी बाबांचे अकरा हंडेही खोटे ठरले असते.

आणि चावीचं म्हणाल, तर पुढच्या उन्हाळ्यात नव्या सरपंचानं स्वतःच पहिला तास वाडीला द्यायला लावला. आळीतल्या बाया कुरकुरल्या. पण भांडल्या नाहीत, कारण सात हा आकडा त्यांच्यासमोर एकदा येऊन गेला होता.

गुरुजी आता नाहीत. योजना बदलल्या, माणशी चाळीस लिटरचे कागदावर पंचावन्न झाले, घरोघर नळ आले. बाबांनी निवृत्त होईपर्यंत ती मेणकापडातली वही लिहिली. 2008 च्या उन्हाळ्यापासून मात्र तिच्यात एक रकाना वाढला. आधी फक्त पंप चालू नि बंद एवढंच असायचं. त्यापुढं बाबांनी पट्टीनं एक रेघ ओढली आणि वर लिहिलं: "कुनाला सोडलं".